अकरा किलो चारशे ग्रॅम

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दमयंती तांबे मिरजोळ्याच्या बुद्धविहाराच्या ओसरीवर वाकून वजनकाट्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत होत्या. ओसरी जांभ्या दगडाची आहे, काटा एका कोपऱ्यात डुगडुगतो. तो स्थिर झाल्यावर त्यांनी पिशवीतून पाच किलोचं लोखंडी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. पाच पूर्णांक शून्य. उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा पाच पूर्णांक शून्य. मग त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि चष्मा पुसला.

काटा आधी तपासायचा आणि मग माणूस वर घ्यायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त आहे. त्या अंगणवाडी सेविका होत्या. १९८४ मध्ये लागल्या, पासष्ट वर्षं पूर्ण झाल्यावर निवृत्त झाल्या. वाडीत त्यांना अजूनही सगळे बाईच म्हणतात.

साडेसहापर्यंत सहा बायका आल्या. गेल्या सप्टेंबरात एकोणीस येत. पहिली काट्यावर चढली काशी, एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलणारी, पस्तिशीची, तोंडाने फटकळ.

"चौसष्ट आठशे," बाई म्हणाल्या. "रक्तदाबाची गोळी चालू?"

"चालू."

"साखर कधी तपासलीस?"

"दिवाळीत. आता उतरू?"

"चपला काढल्यायस तशी बस तिथे. तळवे दाखव."

काशी पायरीवर बसली आणि पाय पुढे केले. "लग्नाला बघायला आले तेव्हा पण एवढं बघितलं नव्हतं कोणी."

बाकीच्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे बघितले, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या आणि वहीत लिहिलं: पाय ठीक.

पाय बघण्याची ही पद्धत ऑक्टोबरपासूनची आहे. त्याआधी या ओसरीवर फक्त वजन बघितलं जाई, आणि ते घटलं की टाळ्या वाजत.

अंगणवाडीत उलटं होतं. तिथे तराजू छताच्या हुकाला टांगलेला असे, त्याला कापडी झोळी, झोळीत मूल. झोळी धरायला मदतनीस कमळा मोहिते. कमळा बाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, घर दोन घरं सोडून. मूल रडायला लागलं की ती तोंडाने कोंबड्याचा आवाज काढायची. मूल क्षणभर गप्प व्हायचं आणि तेवढ्यात बाई काटा वाचायच्या. आकडा वृद्धिपत्रकावर टिंब होऊन जाई. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. टिंबं जोडणारी रेघ वर गेली पाहिजे. दोन महिने रेघ आडवी राहिली किंवा एकदा खाली आली, तर बाई त्याच दिवशी त्या घरी जात. काय खातं, किती वेळा शी होते, ताप येतो का, घरात कोणाला खोकला आहे का. वजन घटलं की आधी कारण शोधायचं, मग खाऊ घालायचं, हे त्यांनी नव्या सेविकांनाही शिकवलं होतं. १९९७ साली शुभंकर नावाच्या दीड वर्षाच्या मुलाचं वजन महिन्यात चारशे ग्रॅमने उतरलं. आई म्हणत होती, दात येतायत. बाई त्याला आणि आईला घेऊन स्वतः दवाखान्यात गेल्या. क्षयरोग निघाला. शुभंकर आज रिक्षा चालवतो आणि बाईंना स्टँडवर दिसला की त्यांच्याकडून भाडं घेत नाही.

निवृत्तीनंतर सकाळच्या वेळेला करायला काही उरलं नाही. नवरा वारून नऊ वर्षं झाली होती, मुलगी रसिका लग्न करून विरारला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका ओळखीच्या बाईने त्यांना शहरातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रमाला नेलं. प्रोबायोटिक पावडर विकणाऱ्या कंपनीचा कार्यक्रम होता. हिरवा डबा, आत तीस पुड्या, प्रत्येक पुडीत वीस अब्ज जिवंत जिवाणू. बोलायला दीपक सर म्हणून एक जण होता. इस्त्रीचा शर्ट, कानाला माइक.

दीपक सरांनी पडद्यावर उंदीर दाखवले. एक जाड, एक बारीक. दोघांना खाणं तेवढंच. फरक आतड्यातल्या जिवाणूंचा. जाड उंदराचे जिवाणू दुसऱ्या उंदरात घातले की तोही जाड होतो. "म्हणजे तुमची इच्छाशक्ती कमी नाही," सर म्हणाले. "तुमच्या पोटात चुकीचे भाडेकरू राहतायत. आपण ते बदलणार."

तांबेबाईंनी हात वर केला. "हे उंदरांत झालं. माणसांत?"

"मॅडम, माणूस पण सस्तनच ना?"

हॉल हसला. बाई खाली बसल्या. प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मिळालं नव्हतं, हे त्यांना तेव्हाही कळलं होतं, असं त्या आता सांगतात. पण पडद्यावरचा उंदरांचा प्रयोग खरा वाटत होता, आणि तो खरा होताही. शिवाय सरांनी पुढे जे सांगितलं ते त्यांना पटलं: दर रविवारी वजन घ्या, वहीत लिहा, फोटो काढा. वजन घेणं आणि लिहिणं त्यांच्याइतकं कोणाला येत होतं?

बाईंनी कंपनीचे डबे विकायला घेतले आणि एक जूनला ओसरीवर पहिली वजनं झाली. एकोणीस बायका. चौदा जणींनी डबा घेतला, पाच जणी म्हणाल्या, आम्ही नुसत्या चालू. रोज सकाळी एमआयडीसीच्या रस्त्याने तीन किलोमीटर चालायचं, संध्याकाळचा वडापाव बंद, असं ठरलं. डबा घेणाऱ्यांत कमळा होती. वय बासष्ट, वजन एक्याऐंशी किलो सहाशे. गुडघ्यांमुळे तिने मदतनीसपद मुदतीआधीच सोडलं होतं. मधुमेह नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं, आणि त्याच महिन्यात साखरेच्या गोळीचा डोस वाढवलेला. त्या गोळीने तिचं पोट फुगायचं, सकाळी दोनदा धावावं लागायचं.

पाच आठवड्यांत कमळा सातशे ग्रॅमने उतरली. काशी नुसतं चालून नऊशेने उतरली होती आणि ते सगळ्यांना सांगत होती.

सहा जुलैच्या रविवारी काट्यावरून उतरताना कमळा म्हणाली, "बाई, मी गोळ्या सोडल्या. चार दिवस झाले."

"कुठल्या?"

"साखरेच्या. दोन्ही. ते सर नाय का बोलले, रासायनिक गोळ्यांनी चांगले जंतू मरतात म्हणून. वरून जंतू घालायचे आणि खालून मारायचे, कशाला? पोट बघा कसं गप्प झालंय."

सरांनी तसं म्हटलं होतं. डब्यावरच्या कागदात मात्र एवढंच होतं की अँटिबायोटिक चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. साखरेच्या गोळ्यांचं नावही त्यात नव्हतं. बाईंनी तो कागद वाचलेला होता.

त्या गोळ्या चालू ठेव म्हणाल्या नाहीत. बंद ठेव असंही म्हणाल्या नाहीत. मागे रांग होती. त्यांनी कमळाच्या नावापुढे ८०.९ लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या त्या गोल, सुटसुटीत अक्षरात: गोळ्या बंद, पोट ठीक.

यानंतर कमळाचं वजन उतरायला लागलं. तीन ऑगस्टला ७७.८. एकतीस ऑगस्टला ७४.१. तिला तहान लागायची, घागरभर पाणी प्यायची, रात्री चार-पाचदा उठायची. भूकही वाढली होती. खाते जास्त आणि उतरते जास्त, याचं ओसरीवर कौतुक झालं. बाईंनी दीपक सरांना फोन करून विचारलं. सर म्हणाले, जुने जिवाणू बाहेर पडतायत, शरीर धुऊन निघतंय, पाणी पिऊ द्या. कमळाच्या गालांची हाडं दिसायला लागली. ब्लाउज सैल झाले. तिचा मुलगा सम्यक, एमआयडीसीतल्या एका शीतगृहात ऑपरेटर, त्याने एकदा बाईंना विचारलं, "मावशी, आई थकलेली वाटत नाही?"

"वजन उतरताना वाटतं तसं," बाई म्हणाल्या.

अठ्ठावीस सप्टेंबरला कमळा सत्तर किलो दोनशे भरली. सतरा आठवड्यांत अकरा किलो चारशे ग्रॅम. एकोणीस जणींत पहिली. बक्षीस म्हणून बाईंनी चालायचे बूट आणले होते, पांढरे, जांभळ्या नाडीचे. कमळाने आयुष्यात बूट घातले नव्हते. ओसरीवर बसून तिने ते घातले, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "आता मी पोलिसात भरती होते." तिचा फोटो काढला. जुना फोटो आणि हा फोटो शेजारी-शेजारी लावून कंपनीने त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला.

दुसऱ्या दिवसापासून ती बूट घालून चालायला लागली. नक्की कोणत्या दिवशी ते कोणाला सांगता येत नाही, पण त्या आठवड्यात कधीतरी डाव्या बुटात जांभ्याचा एक खडा गेला. हरभऱ्याएवढा. तो तळव्याखाली घेऊन ती तीन किलोमीटर चालली, कदाचित एकापेक्षा अधिक दिवस. नऊ वर्षांच्या साखरेने पायाची जाणीव आधीच कमी केली होती, तिला काही टोचलं नाही. खडा सापडला तो सम्यकला, नऊ ऑक्टोबरला. खोलीत कसला वास येतोय म्हणून त्याने आईचा मोजा काढला. मोजा आणि कातडी एकदम निघाली. बूट झटकला तेव्हा खडा जमिनीवर पडला.

रुग्णालयात दाखल करताना रक्तातली साखर ४६८ होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी १४.१, ती सात-साडेसातच्या आत असती तर डॉक्टर समाधानी झाले असते. पायात पू आणि वायू दोन्ही होते.

मेडिसिनच्या डॉक्टर वेदिका शेट्ये यांनी वॉर्डाच्या दाराशी सम्यकला विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद नाहीत," सम्यक म्हणाला. "मीच आणून देतो. दर महिन्याला."

"पाकिटं उघडलेली बघितलीत?"

"ते नाही बघितलं."

तांबेबाई बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. पिशवीत वही होती. त्या घरातून निघाल्या तेव्हा ती पिशवीत होतीच, कारण ती नेहमीच असते. कमळा ग्लानीत होती, तिला तारीख सांगता आली नसती. वहीतला तो शेरा बाईंशिवाय कोणाला माहीत नव्हता. रुग्णालयातून फोन करून त्यांनी दीपक सरांना सकाळीच कळवलं होतं, आणि सर म्हणाले होते, "मॅडम, गोळ्या बंद करा असं आपण कुठेच लेखी दिलेलं नाही. तुमच्या वहीत काही असेल तर ते पान ठेवू नका."

बाईंनी वही काढली, पान उघडलं आणि डॉक्टरांच्या हातात दिली. "दोन जुलैपासून," त्या म्हणाल्या. "मी सहाला लिहिलं."

डॉक्टरांनी पान वाचलं. सम्यकने त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "तांबेबाई, तुम्हाला माहीत होतं."

जन्मापासून तो त्यांना मावशी म्हणत आला होता. त्याचं पहिलं वजन त्यांनीच घेतलेलं.

"होतं," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी कमळाची डाव्या पायाची तीन बोटं काढली. जंतुसंसर्ग वर चढत राहिला. सतरा ऑक्टोबरला पाय गुडघ्याखाली कापला.

मधल्या एका दुपारी डॉ. शेट्ये यांनी बाईंना बाह्यरुग्ण विभागाच्या खोलीत बोलावलं. टेबलावर वही होती आणि सम्यकने आणून दिलेला हिरवा डबा. डॉक्टर चाळिशीच्या, सकाळपासून पाणीही न प्यायल्यासारख्या दिसत होत्या.

"ही वही छान ठेवलीय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या केसपेपरपेक्षा चांगली. बघा. एक जून ते सहा जुलै, पावडर चालू, गोळ्याही चालू. पाच आठवडे, सातशे ग्रॅम. मग गोळ्या बंद. पुढचे बारा आठवडे, दहा किलो सातशे. वजन पावडरीने उतरलं असतं तर सहा जुलैला रेघ अशी वाकली नसती."

"मग ते गेलं कुठे? दहा किलो?"

"लघवीत. रक्तातली साखर एका हद्दीपलीकडे गेली की मूत्रपिंडं ती परत आत घेऊ शकत नाहीत, बाहेर सोडतात. हिच्या आकड्यांना दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर सहज जात असेल. म्हणजे चारशे कॅलरी रोज. साखरेबरोबर पाणी जातं, म्हणून तहान. शरीराला खाल्लेलं वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं, आणि स्नायूही. तुम्ही जे काट्यावर मोजलंत त्यात हिच्या मांड्याही होत्या."

बाईंनी डब्याकडे बोट केलं. "मग उंदरांचं खोटं होतं?"

"नाही ना. खोटं असतं तर बरं झालं असतं, लोकांना सांगायला सोपं गेलं असतं." डॉक्टरांनी खुर्ची मागे टेकली. "ते प्रयोग चांगले आहेत. पण ते उंदीर जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेले. आतडं अगदी रिकामं. त्यात जे घालाल ते रुजतं. जाड जुळ्या बहिणीचे जिवाणू घातले तर उंदीर जाड, बारीक बहिणीचे घातले तर बारीक, हेही झालंय. पण त्यातसुद्धा दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून बारीक उंदराच्या जिवाणूंचा फायदा जाड उंदराला मिळाला तो कमी चरबीचं, जास्त चोथ्याचं खाणं दिल्यावरच. खाणं वाईट ठेवलं तर नाही. तुमच्या सरांनी पिंजऱ्यातलं खाणं सांगितलं होतं?"

"नाही."

"माणसाचं आतडं रिकामं नसतं. तिथे आधीच शेकडो जाती बसलेल्यात. बाहेरून पुडीतले आले तर बहुतेकांत ते टिकत नाहीत, घेणं थांबवलं की काही दिवसांत, आठवड्यांत दिसेनासे होतात. बारीक माणसाच्या विष्ठेतले सगळे जिवाणू प्रक्रिया करून जाड माणसांना देऊन बघितलेत. याहून मोठी पुडी काय असणार? वजन उतरलं नाही. काही जणांत इन्सुलिनचा असर काही आठवडे सुधारला आणि मग पुन्हा होता तिथे आला."

"म्हणजे काहीच होत नाही?"

"प्रोबायोटिकच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर सरासरी अर्धा किलोच्या आसपास फरक येतो, दोन-तीन महिन्यांत. काहींत तेवढाही नाही. आणि तो ठरावीक वाणांचा असतो, ठरावीक मात्रेत." त्यांनी डबा फिरवून मागची बाजू पुढे केली. "इथे नुसतं घराण्याचं नाव लिहिलंय, लॅक्टोबॅसिलस. वाणाचा क्रमांक नाही. कोलम आणि आंबेमोहर दोन्ही भातच, पण एकाचं बी तपासून दुसऱ्याची हमी देता येत नाही. यात काय आहे ते मला सांगता येणार नाही. विकणाऱ्यालाही येणार नाही."

मग त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने केलेलं गणित दाखवलं. कमळाला वगळून, पावडर घेतलेल्या तेरा जणी: सरासरी नऊशे ग्रॅम कमी. नुसत्या चाललेल्या पाच जणी: एक किलो शंभर.

"म्हणजे चालणंच," बाई म्हणाल्या.

"तसंही म्हणू नका. अठरा बायकांवरून काही सिद्ध होत नाही. तुम्ही हेच नको का शिकायला?" डॉक्टर जरा तुटक बोलल्या, मग थांबल्या. "आणि एक. तिने जी साखरेची गोळी जंतू वाचवायला सोडली ना, ती गोळी स्वतःच आतड्यातले जिवाणू बदलते. तिच्या असरातला काही भाग त्यातूनच येत असावा असं दिसतंय. सुरुवातीच्या काही अभ्यासांत मधुमेहाचे म्हणून जे जिवाणू सांगितले, त्यातले काही बदल नंतर या गोळीचे निघाले. मोठमोठे लोक फसलेत यात. त्यांनी मग तपासून चूक दुरुस्त केली, एवढाच फरक."

बाई उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी विचारलं, "तिला हे सांगू?"

"ऐकण्याच्या स्थितीत आली की सांगा. पण आधी जेवायला सांगा. वजन वाढायला हवंय तिचं."

पाय कापल्यानंतर चौथ्या दिवशी कमळा उशीला टेकून बसली होती. चादर डाव्या बाजूला सपाट पडलेली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, लघवीतली साखर, उंदीर, शेरा, सगळं. आपण वही दाखवली तेही. कमळा ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने पाणी मागितलं.

"एवढं काय सांगताय बाई," ती शेवटी म्हणाली. "गोळ्या मीच सोडल्या. तुम्ही थोड्याच तोंडातून काढल्यात?"

"मी लिहिलं आणि गप्प बसले."

"ते खरं." कमळाने चादरीची चुणी बोटाने सरळ केली. "पोर असतं झोळीत, तर तुम्ही पहिल्याच महिन्याला लाल केलं असतंत. मला घेऊन दवाखान्यात धावला असतात. म्हातारीच्या वेळी टाळ्या वाजवल्यात." ती हे रागाने म्हणाली नाही. वर्षानुवर्षं एका खोलीत काम केलेली बाई जशी हिशेबातली चूक दाखवते, तशी म्हणाली. मग विचारलं, "बूट कुठे हायत?"

"सम्यकने टाकून दिले."

"उजवा ठेवायचा होता."

दिवाळीनंतर ती घरी आली. डबा घेणाऱ्या बाकीच्या तेराजणींपैकी प्रत्येकीच्या घरी जाऊन बाईंनी वहीतलं पान दाखवलं. तिघींनी ऐकून घेतलं. दोघी म्हणाल्या, कमळाने स्वतःच्या मर्जीने केलं त्याला पावडर काय करणार. एक जण आता दुसऱ्या एजंटकडून डबा घेते. उरलेल्या नुसत्या यायच्या बंद झाल्या. सकाळी रस्त्यात दिसल्या तर पलीकडून जातात.

बाईंनी कंपनीला पत्र लिहून कमळाचा व्हिडिओ काढायला सांगितलं. एकदा पोचपावतीने, दोनदा फोनवर. दीपक सरांनी नंतर फोन उचलणं सोडलं. डिसेंबरात दापोलीहून एका अनोळखी बाईचा फोन आला. व्हिडिओखाली अजून तांबेबाईंचाच नंबर होता.

"त्या अकरा किलोवाल्या तुम्हीच का? माझ्या सासूबाईंसाठी हवं होतं. त्यांना पण शुगर आहे."

"त्या बाईचा पाय कापलाय," बाई म्हणाल्या. "सासूबाईंच्या गोळ्या चालू आहेत का?"

पलीकडून फोन ठेवला गेला. बाईंनी परत लावला, तर तो उचलला नाही. त्यांनी वहीत नंबर लिहिला, शेजारी तारीख, आणि शेऱ्याच्या रकान्यात: उत्तर नाही. आठवडाभर त्या रोज लावत होत्या.

सम्यक त्यांच्याशी बोलत नाही. पण त्याची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते, आणि कमळाला आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. तिच्या डोळ्यांच्या पडद्यालाही साखरेने धक्का दिला आहे. सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नाहीत. आई आत असली तरी जाताना तो बाहेरून कुलूप लावायचा; नोव्हेंबरात एके सकाळी ते न लावता निघून गेला. तांबेबाई बाहेर झाडत होत्या, त्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशीही त्याने तसंच केलं. तिसऱ्या दिवशी त्या आत गेल्या. तेव्हापासून सकाळचं इन्सुलिन त्या देतात. त्याआधी आरसा धरून उजव्या पायाचा तळवा बघतात, बोटांच्या बेचक्या उघडून. याविषयी त्यांचं आणि सम्यकचं आजवर एक वाक्यही झालेलं नाही.

या रविवारी ओसरीवरच्या सहा जणींची वजनं आटोपल्यावर बाईंनी काटा आणि पुठ्ठा पिशवीत भरला आणि त्या कमळाकडे गेल्या. कमळा उभी राहू शकत नाही, म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची काट्यावर मधोमध ठेवून तिला वर बसवतात. खुर्ची दोन किलो तीनशेची. ती आधी एकटी मोजली.

"हलू नकोस."

"कोंबडा करू काय?" कमळा म्हणाली.

चौसष्ट किलो आठशे. काशीइतकीच, पण यात गुडघ्याखालचा डावा पाय नाही. घरी आली तेव्हा त्रेसष्ट शंभर होती, म्हणजे दोन महिन्यांत एक किलो सातशेची वाढ. बाईंच्या जवळ अंगणवाडीतलं रंगीत पेन्सिलींचं जुनं खोकं अजून आहे. त्यांनी ते आणलं नव्हतं. आकडा निळ्या पेनने लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात: जेवण ठीक, उजवा पाय ठीक, उपाशीपोटी साखर १३८.

बाईंच्या फ्रिजच्या दारात, जिथे आधी हिरवे डबे असायचे, तिथे आता इन्सुलिनची बाटली असते. कमळाच्या घरचा जुना फ्रिज मधूनच बंद पडतो, म्हणून. उद्या सोमवार. सम्यक पावणेसातला निघेल. सात वाजता उजव्या पायाची तपासणी, मग चौदा युनिट.